काकांच्या नावाची पावती

सही करायच्या जागी विमा कंपनीने पेन्सिलीने फुली मारून पाठवली होती. फुलीशेजारी रेव्हेन्यू स्टॅम्पचा चौकोन होता आणि वर बारीक इंग्रजीत छापलेला मजकूर, ज्याचा अर्थ एवढाच की ही रक्कम पूर्ण आणि अंतिम म्हणून मिळाली, यापुढे आमचं तुमच्याकडे काही मागणं नाही. सोबत अर्ध्या पानाचं पत्र होतं. मागितलेल्यातले इतके मंजूर, इतके नामंजूर. व्हाउचर सही करून परत पाठवा, मग चेक निघेल.

बाबा पडवीत आरामखुर्चीवर बसून होते. त्यांनी रजिस्टर पाकीट स्वतः फोडलं नाही, मी मालवणातून कामावरून येईपर्यंत मांडीवर ठेवलं होतं. मी वाचून दाखवलं तसं त्यांनी खिशाचं पेन काढलं.

"सही करून टाकतंय," ते म्हणाले. "कापल्यानी तां कापल्यानी. उरलेले तरी येवंदेत."

त्यांना घाई का होती ते मला माहीत होतं. दिवाळी झाल्यावर एका रात्री त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि सकाळी पोट माठासारखं टणक झालं. मालवणच्या डॉक्टरांनी कणकवलीला पाठवलं, तिथे एक्स-रे काढला आणि तिथून सरळ कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आतड्याला पीळ पडला होता. कोल्हापूरच्या सर्जननी आतड्याचा कुजलेला भाग काढला आणि राहिलेल्या आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या अंगाला बाहेर काढून ठेवलं. त्यावर पिशवी. तीन महिन्यांनी पुन्हा पोट उघडून आतडं जोडायचं आणि ते भोक बंद करायचं, असं त्यांनी सांगितलं होतं; दुसऱ्या ऑपरेशनची अनामत आधी भरावी लागेल हेही.

ते तीन महिने आता संपत आले होते. बाबा देवळातल्या भजनात पखवाज वाजवायचे. पिशवी बांधल्यापासून ते देवळाची पायरी चढले नव्हते. वास येतो असं त्यांना वाटायचं. आम्हाला येत नसे, किंवा येत असला तरी आम्ही तसं म्हटलं नसतं. कोणी भेटायला आलं की ते पंचा पोटावर ओढून घेत आणि पाहुणा उठेपर्यंत हलत नसत. माझी आई नव्हती. घरात आम्ही दोघंच. पिशवी धुण्याचं काम ते मला करू देत नसत. पहाटे उठून विहिरीमागे स्वतः करत. मला जाग आलेली असे, पण मी झोपेचं सोंग घेऊन पडून राही.

आरोग्याचा विमा तेव्हा नवाच निघाला होता. मी मालवणात एका वकिलांकडे टायपिस्ट होते. त्यांच्या ओळखीचा एक विमा अधिकारी पॉलिसीच्या गोष्टी करत ऑफिसात आला आणि त्याला रिकाम्या हाती पाठवणं वकिलांना जमेना, म्हणून त्यांनी स्वतःची एक घेतली आणि माझ्या गळ्यात बाबांच्या नावाची एक घातली. हप्ता भरताना मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या दिल्या होत्या.

"आज सही करू नका," मी बाबांना म्हटलं. "उद्या साहेबांना दाखवते."

"तुझो सायब माडांचे दावे लढवता. तेका पोटातला काय कळता?"

ते खोटं नव्हतं. आमचाच दावा त्यांच्याकडे होता. बाबांच्या तारखांना मी सोबत जायची, त्यातच वकिलांनी माझं अक्षर पाहून मला कामावर ठेवलं. दावा काकांशी. बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे, त्यात माडांची रांग. काकांचं म्हणणं, आजोबा असतानाच दोघे भाऊ वेगळे झाले, पट्टी माझ्या वाट्याला आली, तेव्हापासून आमच्यात काही सामाईक नाही. बाबांचं म्हणणं, पट्टीची वाटणी कधी झालीच नाही, ती दोघांची. बोलणं बंद होतं. भजनात एक पखवाजावर आणि एक टाळ घेऊन भिंतीला, असे दोघे समोरासमोर बसत आणि एकमेकांकडे न बघता एकाच समेवर येत.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी व्हाउचर वाचलं आणि पेन्सिलीची फुली रबराने खोडून टाकली.

"यावर सही झाली की कारभार आटोपला," ते म्हणाले. "उद्या कापलेल्या पैशांसाठी ब्रह्मदेव आणलास तरी ते हा कागद दाखवतील. पूर्ण आणि अंतिम. पॉलिसी कुठाय?"

पॉलिसी मी आणली होती. घडी उलगडली की वर्तमानपत्राएवढी व्हायची आणि अक्षरं मुंगीएवढी. त्यांनी भिंग काढलं. मी कंपनीचं पत्र पुढे ठेवलं. त्यात कापाकापीची तीन कारणं होती. कणकवलीचा एक्स-रे आणि मालवणच्या डॉक्टरांची फी, कारण ती दाखल होण्याआधीची. हॉस्पिटलच्या बिलातली मोठी रक्कम, कारण ती मर्यादेबाहेर. आणि औषधांच्या काही पावत्या, कारण त्या विमाधारकाच्या नावाच्या नाहीत.

तिसरं कारण वाचून मी कपाळाला हात लावला. ती चूक आमच्याकडचेच लोक करू शकतात. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा वाडीतले लोक आळीपाळीने रात्री राहायला येत. एसटीने यायचं, रात्रभर बाकावर बसायचं, सकाळच्या गाडीने परतायचं. नर्सने चिठ्ठी दिली की जो असेल तो समोरच्या औषधाच्या दुकानात जाई. दुकानदार पावती फाडताना विचारी, नाव? आणि आमचा माणूस स्वतःचं नाव सांगे. तेही नुसतं नाही. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गाव मुक्काम पोस्टासकट, जसा काही शिरगणतीवाला दारात आलाय. तुझं नाव विचारलं की तुझं सांगायचं, यात कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. एकाने तर तालुकाही घातला होता. त्यामुळे आमच्या फायलीत एका आजाऱ्याच्या औषधांच्या पावत्या पाच वेगळ्या माणसांच्या नावाने होत्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी काकांच्या नावाने.

काका हॉस्पिटलात आले होते हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. भजनातल्या मंडळींकडून कळल्यावर एसटी धरून आले आणि खोलीत न येता बाहेरच्या बाकावर बसले. त्या दिवशी बाबांना ताप चढला होता. मी रक्ताच्या बाटलीसाठी रक्तपेढीत होते. नर्स महागड्या इंजेक्शनांची चिठ्ठी घेऊन बाहेर आली तेव्हा बाकावर तेच एकटे होते. ते गेले, सगळा कोर्स एकदम आणला, नर्सच्या हातात दिला. पावती तिच्या ट्रेमध्ये ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. बाकीच्यांना औषधाचे पैसे मी आगाऊ देऊन ठेवलेले असत. काकांनी स्वतःचे घातले होते, माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. ताप उतरल्यावर मी बाबांना सांगितलं. त्यांनी "बरां" एवढंच म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

वकील भिंगाखालून वाचत होते. त्यांना एखादं वाक्य आवडलं की ते दोनदा वाचत.

"हे बघ. दाखल होण्याआधी तीस दिवसांच्या आत, त्याच आजारासाठी झालेला खर्च देय. एक्स-रे कधीचा?"

"दाखल झाले त्याच दिवशीचा."

"मग तो कापला कसा? लिही. आता हे दुसरं." त्यांनी हॉस्पिटलचं बिल उचललं. त्यावर एकच ओळ होती: ऑपरेशन, खोली व इतर, आणि पुढे आकडा. "ही तुझ्या हॉस्पिटलची करामत. पॉलिसीत खोलीला वेगळं सदर आहे, नर्सिंगला वेगळं, सर्जन आणि भूल देणाऱ्याला वेगळं, ऑपरेशन थिएटर, रक्त, ऑक्सिजन, औषधं यांना वेगळं. प्रत्येकाला आपापली मर्यादा. तुम्ही सगळं एका पोत्यात भरून दिलंत, त्यांनी पोतं एका सदरात टाकलं आणि वरचं कापलं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. फोड करून आण."

मग ते तिसऱ्या कारणाशी बराच वेळ थांबले. अखेर बोट एका ओळीवर ठेवून मला वाचायला लावलं. विमाधारकाने, किंवा त्याच्या वतीने केलेला, वाजवी आणि आवश्यक खर्च.

"किंवा त्याच्या वतीने," ते म्हणाले. "छापणाऱ्याचे उपकार माना."

फोड आणायला मी कोल्हापूरला गेले. कणकवलीपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी, वैभववाडीनंतर घाटात मागच्या बाकावरच्या बाईला उलटी झाली ती माझ्या चपलांवर. हॉस्पिटलचे हिशेबनीस जेवायला गेले होते. ते आले तेव्हा म्हणाले, बिल एकदा दिलं की दिलं, सगळ्यांना असंच देतो, तुमच्या एकट्यांचं काय वेगळं. मी भांडायच्या तयारीने आले होते, पण अंगात तेवढं त्राणच नव्हतं. मी नुसती समोर बसून राहिले. मला वाटतं त्या बसण्यालाच ते कंटाळले. त्यांनी केसपेपर काढले आणि वैतागत का होईना, पण नीट काम केलं. खोली किती दिवस, कोणत्या दराने. नर्सिंग. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटर, रक्ताच्या बाटल्या, ऑक्सिजन, ड्रेसिंग. बेरीज मूळ बिलाशी जुळली तेव्हा त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. औषधांच्या नोंदीच्या तक्त्याची नक्कल मी मागितली, कोणत्या तारखेला कोणतं औषध दिलं तो. त्यावर त्यांनी डॉक्टरांची सही आणि शिक्का आणून दिला.

"विमा कंपनीवाले पैसे देतात होय?" जाताना त्यांनी विचारलं. "आमच्याकडे पहिलाच असला पेशंट."

पत्र मी आधी मराठीत लिहिलं. वकिलांनी ते इंग्रजीत केलं आणि मी टाइप केलं. पण माझं मन मराठी मसुद्यात होतं, आणि तो मला अजून बराचसा आठवतो. रोज दुसऱ्यांचे दावे टाइप करून माझी बोटं सरावलेली होती; स्वतःच्या घरासाठी लिहिताना मात्र "सबब" की "म्हणून" इथेच अडले. औषधांचा भाग असा होता:

"औषधांच्या पाच पावत्या विमाधारकाच्या नावाच्या नाहीत म्हणून नामंजूर केल्या आहेत. दाव्याच्या अटीत मूळ पावत्या व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडाव्यात एवढेच म्हटले आहे. पावती कोणाच्या नावाची असावी याविषयी त्या अटीत शब्द नाही. उलट पॉलिसीच्या पहिल्याच कलमाप्रमाणे विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने केलेला वाजवी व आवश्यक खर्च देय आहे. प्रत्येक पावतीवरील औषध, त्याची चिठ्ठी आणि हॉस्पिटलच्या तक्त्यात ते दिल्याची नोंद यांचा मेळ सोबतच्या कागदात दाखवला आहे. या पाच पावत्यांतले एकही औषध असे नाही जे विमाधारकाच्या शरीरात गेले नाही."

शेवटचं वाक्य वकिलांनी इंग्रजीत घेतलं नाही. ते फार घरगुती आहे, म्हणाले. एक्स-रेचा मुद्दा तीस दिवसांच्या कलमासह, बिलाची फोड सदरवार, आणि शेवटी हे की सोबतचं व्हाउचर आम्ही या रकमेपुरतं, बाकीचा हक्क राखून स्वीकारायला तयार आहोत, अंतिम म्हणून नाही. रजिस्टर पोचपावतीने पाठवलं.

मग वाट पाहणं. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही आणि तेच सगळ्यात जड होतं. बाबा रोज विचारत नसत. पोस्टमन पुढे गेला की ते खुर्ची जरा वळवून बसत, एवढंच. एकदा म्हणाले, "सही केली असती तर आता पिशवी गेली असती." आकडे मलाही येत होते. मंजूर झालेल्या पैशात अनामतही पुरी भरली नसती. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं की माझा मुद्दा मलाच पटेनासा होई. आपण हट्टापायी एका माणसाला छळतोय असं मला वाटायचं.

उत्तर आलं. एक्स-रे आणि डॉक्टरांची फी मान्य. बिलाची फोड मान्य. खोलीच्या दरातला थोडा फरक आणि सोबत राहणाऱ्याच्या खाटेचे पैसे वगळून बाकी मंजूर. औषधांबाबत मात्र, ज्यांच्या नावाने पावत्या आहेत त्यांनी प्रत्येकाने लिहून द्यावं की औषध विमाधारकाच्या वतीने घेतलं आणि रक्कम विमाधारकाला देण्यास आपली हरकत नाही.

चौघांच्या सह्या मी दोन संध्याकाळींत गोळा केल्या. तालुकावाल्याने विचारलं, "माझां नाव चुकला काय?" मी म्हटलं, नाही, फारच बरोबर पडलं. राहिले काका. त्यांची पावती वगळली तर अनामतीला तेवढेच पैसे कमी पडत होते.

"त्येच्याकडे जाव नको," बाबा म्हणाले.

"मग अनामत कशी भरायची?"

मी त्यांचं गप्प राहणं होकार धरलं आणि गडगा ओलांडून गेले. गडगा म्हणजे नुसतं दगडांचं बुटकं कुंपण, त्यापलीकडे माडांची ती पट्टी, मग काकांच्या घरापुढचं खळं. त्या खळ्यात मी वर्षानुवर्षं पाय ठेवला नव्हता. काका सुंभ वळत बसले होते. मला बघून त्यांनी काकूला हाक मारून पाणी आणायला सांगितलं आणि पुन्हा सुंभाकडे बघू लागले.

मी कागद वाचून दाखवला. ते ऐकत होते.

"वतीने म्हणजे काय गो?"

"म्हणजे बाबांसाठी. बाबा जावक शकत नव्हते, त्यांच्या जागी तुमी गेलात."

"माझ्या वकिलान सांगल्यान हा," काका म्हणाले, "भावाच्या नावान खंयच्याच कागदार सही करू नको म्हणान. आमी वेगळे, आमचा काय्येक सामाईक नाय, असा मी कोर्टात लिवन दिलंय. आणि हय लिवतंय, भावाच्या वतीने माझे पैसे घातले. तुझो वकील ह्यो कागद थंय दाखवतलो?"

खोटं बोलता आलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

"माका म्हायत नाय," मी म्हटलं.

काकूने पाणी ठेवलं. काकांनी सुंभाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून ठेवलं होतं, वळत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "पिशवी अजून बांधता तो?"

"होय."

"भजनाक पण येना नाय."

"लाज वाटता त्यांका."

त्यांनी हात धोतराला पुसला आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव. मधलं नाव बाबांचं आणि त्यांचं एकच. पेन परत देताना म्हणाले, "जा. वकिलाक सांगा नको मी विचारलंय तां."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वकिलांनी पाचही कागद तपासले. काकांच्या कागदाशी ते थांबले, आणि त्यांनी तो दोनदा वाचला.

"याची एक नक्कल करून आपल्या दाव्याच्या फायलीला लाव," ते म्हणाले. "पुरावा दुबळा आहे, पण पुरावा आहे. उलटतपासात विचारतो. वेगळे होतात ना, मग भावाच्या वतीने खर्च कसला केलात?"

मी नकलेसाठी टाइपरायटरवर कागद चढवला आणि एक अक्षरही न टाइप करता उतरवला. त्या माडांवरून आमच्या घरात किती जेवणं बेचव झाली होती ते मला माहीत होतं. दावा जिंकावा असं मलाही वाटायचं. संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, काकांनी विचारलेलं सुद्धा. मला सांगितलं होतं वकिलांना सांगू नको, बाबांना नको असं कुठे म्हटलं होतं.

"लावची नाय ती नक्कल," बाबा म्हणाले.

"साहेब म्हणतात नाहीतर दावा हराल."

"हरलंय तर हरलंय." त्यांनी पंचा सारखा केला. "तेणां ती सही माझ्या पोटासाठी केल्यान. माडांसाठी नाय."

मी वकिलांना सांगितलं, अशील नाही म्हणतात. त्यांनी चष्मा काढला, मला वाटलं रागावणार. ते म्हणाले, "मग मला कशाला ठेवलंय? दोघांनी मिळून एक पोस्टमन ठेवायचा." पण कागद त्यांनी स्वतःच पाकिटात घातला आणि पाकीट माझ्यासमोर चिकटवलं. नक्कल कुठेच राहिली नाही.

पुढचं व्हाउचर आलं त्यावर पुन्हा पेन्सिलीची फुली होती, पण आकडा बदललेला होता. बाबांनी स्टॅम्पवर सही केली. चेक आला, वटला, अनामत भरली. शिमग्याच्या आसपास त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा डाव्या अंगाला हात नेला आणि नुसती पट्टी लागली तेव्हा ते रडले. मी बाहेर जाऊन उभी राहिले, कारण मी तिथे असते तर त्यांनी आवरलं असतं. मी स्वतः रडले नाही. मला फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर बाबांनी पहिलं काम सांगितलं ते काकांचे पैसे देण्याचं. मी गडगा ओलांडून गेले. काकांनी नोटा घेतल्या, न मोजता खिशात घातल्या. नको म्हणाले नाहीत, आणि त्यांनी तसं म्हटलं नाही याचं मला बरं वाटलं. म्हटलं असतं तर ते पैसे पुन्हा दोन घरांच्या मध्ये पडून राहिले असते.

"टाके सुकले?"

"वरचे सुकले. डॉक्टर म्हणतात एसटीचे धक्के नकोत."

"मगे सोमवारची तारीख?"

सोमवारी दाव्याची तारीख होती. बाबांची साक्ष व्हायची होती, आणि दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायला ते हट्टाने तयार होते. मी म्हटलं, "येतले म्हणतत."

"येव नको म्हणान सांग. मी माझ्या वकिलाक अर्ज देवक सांगलंय. माझां पोट दुखता म्हणान."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला हसू आलं आणि लगेच रागही आला, दोघांचाही. एवढी माया होती तर मग एवढी वर्षं ते माड कशाला, मला त्या उन्हातान्हातल्या तारखा कशाला, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. विचारून त्यांना काही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तेका लहानपणापासून कधी पोटदुखी नाय."

सोमवारी काकांच्या वकिलांनी तहकुबीचा अर्ज दिला. कारण, अशिलाची प्रकृती. आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कसला आजार काढलाय यांनी?" मी सांगितलं, पोटाचा. अर्जाला आमची हरकत नाही असं खाली लिहून द्यावं लागतं, ते त्यांनी मला टाइप करायला सांगितलं आणि मी केलं.